हा कोण? : फोटोतल्या माणसाचं नाव न सांगणाऱ्या यंत्राबद्दल

(आळेफाटा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आज आपण एका नकाराची चिकित्सा करणार आहोत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये आता एआय मॉडेल आहे. कांद्याच्या पातीचा फोटो टाकला तर हा करपा असू शकेल का, यावर ते बोलतं. शिवनेरीवरच्या जिजाऊ आणि बाळ शिवबांच्या पुतळ्याचा फोटो टाकला तर पुतळा कुणाचा ते सांगतं. पण खऱ्या, हयात माणसाचा फोटो टाकून "हा कोण?" असं विचारा. बहुतेक मॉडेलं म्हणतील, मी चेहऱ्यावरून व्यक्तीची ओळख सांगत नाही. पांढरी टोपी आहे, हातात पिशवी आहे, मागे एसटी उभी आहे, एवढं सगळं सांगतील. नाव तेवढं सांगणार नाहीत.

लोकांना वाटतं, त्याला येत नसेल. तर ते तसं नाही. ही मॉडेलं इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्या चित्रांसोबतच्या मजकुरावर शिकलेली असतात. सचिन तेंडुलकरचे फोटो आणि त्यांखाली त्याचं नाव त्यांनी असंख्य वेळा पाहिलेलं असतं. म्हणजे गाजलेला चेहरा ओळखण्याची क्षमता आत येऊन बसलेलीच असते. ती वापरायची नाही, हे त्यांना नंतरच्या प्रशिक्षणात शिकवलं जातं. हा बनवणाऱ्यांचा निर्णय आहे. सगळ्या कंपन्यांचा सारखा नाही, काही जण प्रसिद्ध व्यक्तींबाबत सैल असतात, पण एकंदर कल नकाराकडे आहे.

मग तुमच्याआमच्यासारख्यांचं काय? इथे मी बिबट्याकडे वळतो, कारण ओळख पटवणं म्हणजे काय हे आपल्या भागात बिबट्यावरून चांगलं समजतं. अभ्यासक बिबट्या ओळखतात तो अंगावरच्या ठिपक्यांवरून. प्रत्येकाची नक्षी वेगळी. एवढंच नाही, एकाच बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षीही वेगळी असते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. नवा फोटो आला की आधीच्या फोटोंच्या संचाशी तो ताडून बघतात. डाव्या कुशीचाच फोटो हातात असेल आणि संचात फक्त उजवी असेल, तर जाणकार माणूस म्हणतो, सांगता येत नाही. बघा, यात दोन गोष्टी आल्या: ताडून बघायला संच हवा, आणि जुळत नाही असं म्हणायची सोय हवी.

गप्पा मारणाऱ्या मॉडेलकडे यातलं काहीच नसतं. आळेफाट्यावरच्या एखाद्या आडत्याचे किंवा कंडक्टरचे फोटो रांगेत लावलेला संच त्याच्या आत नसतो. पुढचा शब्द कोणता संभवतो, एवढ्यावर ते चालतं. त्याला नाव सांगायची मोकळीक दिली तर ते नाव सांगेल. ते नाव ऐकायला पटण्यासारखं असेल, ठाम सुरात असेल आणि बऱ्याचदा निखालस चुकीचं असेल. ते चूक आहे हे विचारणाऱ्याला कळायला मार्ग नाही, कारण त्याला माहीत असतं तर त्याने विचारलंच नसतं.

कुणी म्हणेल, मग संच जोडून द्या की. जोडू या, आणि हिशेब करून बघू या. जुन्नर तालुक्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 4 लाख होती. समजा, एक चांगली यंत्रणा आहे. दहा हजार परक्या चेहऱ्यांमागे एकदाच ती चुकून "जुळला" म्हणते. हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे. आता बसस्थानकावरच्या कॅमेऱ्यातला एक चेहरा 4 लाख चेहऱ्यांशी ताडा. चुकून जुळणारे किती? चाळीस. चाळीस निरपराध माणसं, आणि खरा माणूस त्यात असेलच असंही नाही. आपला फाटा पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर या रस्त्यांच्या तिठ्यावर नाही, चौकात आहे. इथून जाणारा माणूस बऱ्याचदा तालुक्याबाहेरचा. तो संचातच नसेल तर यंत्र त्याच्यासारखा दिसणारा दुसरा शोधून देतं.

हे कागदावरचं नाही. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये 2018 साली एका दुकानातून घड्याळं चोरीला गेली. कॅमेऱ्यातलं अंधूक चित्र पोलिसांनी यंत्रणेत टाकलं, आणि ते रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाच्या जुन्या वाहन परवान्यावरच्या फोटोशी जुळलं. जानेवारी 2020 मध्ये त्यांना घरासमोर, बायको आणि लहान मुलींच्या देखत बेड्या पडल्या. सुमारे तीस तास कोठडी. चोरीशी त्यांचा काही संबंध नव्हता. तिथे निदान पोलीस ठाणं होतं, वकील होता, कोर्ट होतं.

आपल्याकडे काय होऊ शकतं, ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात दिसलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भटके लोक आठवडे बाजाराच्या दिवशी तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्याआधी व्हॉट्सअॅपवर फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. तिथे चेहरा ओळखणारं यंत्र नव्हतं, नुसती अफवा होती. आता तिच्या जोडीला असं एक यंत्र कल्पा, ज्यात परक्या माणसाचा फोटो टाकला की नाव येतं. ऊसतोडीला आलेला बीडकडचा मजूर, मेंढरं घेऊन जाणारा धनगर, पाल ठोकून राहिलेलं कुटुंब, यांचे फोटो काढायला आपण परवानगी विचारत नाही. "मोबाइलने सांगितलं" म्हटल्यावर गर्दीत शंका काढणारा माणूस उरत नाही.

इथवर चुकीच्या नावाचं झालं. पण मला जास्त भीती बरोबर नावाची वाटते. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून दूर गेलेली एक मुलगी घ्या. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोत ती कोपऱ्यात दिसते. तो फोटो तिच्या भावाच्या हातात पडतो. ती त्याला माहीत आहे, पण तिच्या शेजारी उभे असलेले कोण, ते त्याला माहीत नाही. एकाचं जरी नाव कळलं तरी गाव कळलं. इथे यंत्र अचूक असणं हाच धोका आहे. आणि विचारणारा भाऊ आहे की मैत्रीण, हे मॉडेलला फोटोवरून कळत नाही. फोटो ज्याच्या हातात असतो तो विचारतो, आणि ज्याचा चेहरा असतो तो तिथे हजर नसतो. माझ्या मते नकाराचं खरं कारण हे आहे. नाव बरोबर आलं काय नि चूक आलं काय, भोगतो तो दुसराच.

कंपन्यांना मात्र सद्बुद्धीच सुचली, असं समजू नका. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 2008 पासून कायदा आहे की संमतीशिवाय चेहऱ्याची मोजमापं घ्यायची नाहीत. फोटोंत नावं सुचवण्याच्या सोयीवरून फेसबुकला तिथे 65 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांनी ती सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं.

आता माझी टीका. पहिली गोष्ट, "मला ओळखता येत नाही" असं जेव्हा मॉडेल म्हणतं, तेव्हा ते अर्धसत्य असतं. "मी ओळख सांगत नाही, आणि का ते असं" असं म्हणायला हवं. नाहीतर माणूस दुसरं यंत्र शोधायला जातो.

दुसरी, नकाराची कड नीट आखलेली नसते. चौकातल्या फ्लेक्सचा फोटो टाका. फ्लेक्सवर नाव छापलेलं असेल तर मॉडेल ते वाचून दाखवतं, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे ओळख अक्षरांतून आली, चेहऱ्यातून नाही. "हे आमचे काका आहेत असं समज" म्हटलं तर ते तसं धरून पुढे बोलतं, हेही ठीक. पण कधी कधी ते इतकं बिचकतं की माणूस हसतो आहे की रडतो आहे, हेसुद्धा सांगत नाही. त्याचा फटका अंध माणसाला बसतो. 2023 मध्ये 'बी माय आइज' या अंधांसाठीच्या अॅपमध्ये जीपीटी-4 वापरून चित्रांची वर्णनं मिळू लागली. न्यूझीलंडचे जोनाथन मोसेन हे अंध गृहस्थ त्यामुळे खूश होते. थोड्याच दिवसांत चेहऱ्यांबद्दलची माहिती झाकलेली यायला लागली. डोळस माणसाला जे आपोआप मिळतं तेवढंच ते मागत होते. चेहऱ्याचं वर्णन आणि चेहऱ्याला नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नाकारायला काही कारण नाही.

मग मोठ्या लोकांची तरी नावं सांगायला काय हरकत, असं विचारलं जातं. आमदार ठीक. सरपंच? सरपंचाची बायको? ज्याचा व्हिडिओ एकदाच व्हायरल झाला तो पोरगा? ही रेघ ओढायची कुठे, हे माणसांनाही ठरवता येत नाही. शिवाय गाजलेल्या माणसासारखा दिसणारा साधा माणूस असतोच. म्हणून सरसकट नकार थोडा आडमुठा असला तरी मला तो पटतो.

तिसरी टीका सगळ्यात महत्त्वाची. हा नकार फक्त तुमच्याआमच्या हातातल्या यंत्रापुरता आहे. पिमआइजसारख्या संकेतस्थळावर चेहरा टाकून इंटरनेटवरचे त्याचे इतर फोटो शोधता येतात. 2024 मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेऱ्याचा चष्मा त्याच्याशी जोडून, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची नावं काढता येतात हे दाखवून दिलं. पोलिसांच्या यंत्रणा तर वेगळ्याच. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात उत्तर दिलं की 80 टक्क्यांच्या वर साम्य असेल तर ते जुळलं असं धरतात. आपण मघाशी केलेला हिशेब त्या उत्तराशेजारी ठेवून बघा. गप्पांच्या मॉडेलने नकार दिला म्हणून चेहरा सुरक्षित झाला, असं कुणी मानू नये. प्रश्न विचारायचेच तर किती चेहऱ्यांच्या संचाशी ताडता, किती वेळा चुकता, आणि चुकल्यावर कुणाकडे दाद मागायची, हे तिकडे विचारा.

तुमच्यापुरतं एवढंच सांगतो. गाडी चोरीला गेली आणि कॅमेऱ्यातलं चित्र हाती आलं, तर मॉडेलला माणूस विचारू नका. गाडीच्या नंबरातले कोणते आकडे वाचता येतात, अंगावर काय कपडे आहेत, घड्याळात किती वाजले आहेत, हे विचारा आणि तो कागद पोलीस ठाण्यात द्या. ते चित्र गावाच्या ग्रुपवर "ओळखा पाहू" म्हणून मात्र टाकू नका. यंत्र देत नाही ते नाव ग्रुपवर कुणीतरी नक्की देतं, आणि त्याला नकार द्यायचं कुणी शिकवलेलं नसतं.