पेट्री बशीऐवजी दुधाचे भांडे

कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत 'स्वच्छता आणि जंतू' या विषयावरचा एक प्रकल्प हमखास पाहायला मिळतो. टेबलावर अगार घातलेल्या चार-पाच पेट्री बशा असतात. दाराची मूठ, चलनी नोट, विद्यार्थ्याचा हात, स्वच्छतागृहातील नळ अशा चिठ्ठ्या त्यांवर चिकटवलेल्या असतात. ज्या बशीत ठिपके जास्त, ती वस्तू सर्वांत घाणेरडी, असा निष्कर्ष तक्त्यावर लिहिलेला असतो. परीक्षकांना हा प्रकल्प आवडतो, कारण न दिसणारे जंतू येथे डोळ्यांना दिसतात. आमचा या प्रकल्पावर दुहेरी आक्षेप आहे. तो धोक्याचा आहे, आणि एवढा धोका पत्करूनही तो जे सिद्ध करू पाहतो ते सिद्ध होत नाही.

आधी धोक्याविषयी. मुठीवर किंवा नळावर रोगजंतू असले तरी बहुधा थोडे असतात, आणि तेवढ्यांना आपले शरीर सहसा तोंड देते. बशीत मात्र एकेका जीवाणूपासून लक्षावधी जीवाणूंची वसाहत तयार होते. त्यातच बशी ३७ अंश सेल्सिअसला ठेवली, तर माणसाच्या शरीरात वाढणाऱ्या जीवाणूंनाच आपण अनुकूल परिस्थिती देतो. यासाठीच ब्रिटनमधील शाळांसाठीच्या सुरक्षा-मार्गदर्शनात शरीरावरून किंवा स्वच्छतागृहातून नमुने घेण्यास मनाई आहे. बशा शरीराच्या तापमानापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला ठेवाव्यात आणि झाकण चिकटपट्टीने बंद करूनच त्यांचे निरीक्षण करावे, असेही त्यात सांगितलेले असते. आपल्या प्रदर्शनांत मात्र पाहुण्यांना नीट दिसावे म्हणून झाकण उघडले जाते, आणि संध्याकाळी बशा कचऱ्याच्या डब्यात जातात.

आता निष्कर्षाविषयी. ठिपक्यांच्या संख्येवरून रोगाचा धोका कळत नाही. मातीतले निरुपद्रवी जीवाणू शंभर वसाहती करतील आणि एखादा रोगजंतू त्या अगारवर वाढणारही नाही. विषाणू तर तेथे वाढतच नाहीत. शिवाय बोळा मुठीवर किती वेळ आणि किती जागेवर फिरवला, यावरही संख्या बदलते. हात धुतल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात कधीकधी अधिक ठिपके दिसतात, कारण चोळण्याने त्वचेवर कायम राहणारे जीवाणू सुटे होतात. ज्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नाही, तो एकतर साबणाला नावे ठेवतो किंवा नको असलेली बशी बाजूला ठेवून देतो.

मग काय करावे? जंतू वेगळे वाढवून दाखवण्याऐवजी त्यांच्या कामावरून त्यांची चाहूल घेता येते. दुग्धशाळांतून पूर्वीपासून चालत आलेली मिथिलीन ब्लूची चाचणी यासाठी सोयीची आहे. दुधातले जीवाणू वाढताना त्यातला प्राणवायू वापरतात आणि निळ्या मिथिलीन ब्लूचे क्षपण करून त्याला रंगहीन करतात. जीवाणू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर जातो. प्रश्नही घरातलाच घ्यावा : दुधाचे भांडे नुसते गार पाण्याने विसळणे आणि घासून उकळत्या पाण्याने धुणे, यांत फरक पडतो का?

काल दूध ठेवलेली दोन सारखी स्टीलची भांडी घ्यावीत. पहिले गार पाण्याने विसळून ओलेच रात्रभर उपडे ठेवावे. दुसरे साबणाने घासून, उकळते पाणी ओतून कोरडे करावे. सकाळी सहा वाजता एकाच पातेल्यात दूध उकळून कोमट होऊ द्यावे आणि प्रत्येक भांड्यात पाव लिटर ओतून, झाकून, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवावीत. दुपारी बारा वाजता प्रत्येक भांड्यातले १० मिलिलिटर दूध उकळून घेतलेल्या तीन-तीन परीक्षानळ्यांत घ्यावे. त्यासाठी सुई नसलेली सिरिंज वापरावी, आणि दर भांड्याला वेगळी. तोंडाने पिपेट ओढू नये. पहिल्या भांड्यातले दूध आणखी एका नळीत घेऊन ती नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावी आणि थंड करावी. तुलनेसाठी ही सातवी नळी सर्वांत महत्त्वाची आहे.

मिथिलीन ब्लू फारच थोडे लागते. शाळेच्या तराजूवर ५ मिलिग्रॅम तोलता येत नाहीत, म्हणून ०.१ ग्रॅम रंग उकळून गार केलेल्या २०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावा आणि त्यातले १० मिलिलिटर द्रावण तशाच पाण्याने १०० मिलिलिटर करावे. या पातळ द्रावणाचा १ मिलिलिटर प्रत्येक नळीत घालून, उकळलेले बूच लावून, नळ्या तीनदा उलट्यासुलट्या कराव्यात आणि ३७ अंशांच्या पाण्यात अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. उजेडानेही रंग फिका होतो. दर अर्ध्या तासाला नळ्या न हलवता पाहाव्यात, कारण हलवल्यास हवेतला प्राणवायू मिसळून गेलेला निळा रंग परत येतो. वरचे निळे कडे हवेमुळे शेवटपर्यंत राहते. ते सोडून बाकीचे दूध पांढरे झाले की वेळ नोंदवावी.

समजा, पहिल्या भांड्याच्या नळ्या अडीच, तीन आणि अडीच तासांत पांढऱ्या झाल्या, आणि दुसऱ्याच्या तिन्ही नळ्या पाच तासांनंतरही निळ्याच राहिल्या. तर दुसऱ्याच्या नोंदीत 'पाच तासांहून अधिक' एवढेच लिहावे. 'जंतू नाहीत' असे लिहू नये. आता सातवी नळी पाहावी. तीही निळीच राहिली असेल, तर रंग घालवणारे काम उकळण्याने मरणाऱ्या सजीवांचे होते, असे म्हणता येते. तीही पांढरी झाली, तर दोष जंतूंखेरीज कशात तरी आहे, आणि त्या दिवसाच्या नोंदींवरून निष्कर्ष काढू नये.

येथे एक चूक फार होते. एका भांड्यातल्या तीन नळ्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्या फक्त मोजणी जुळते की नाही, एवढेच सांगतात. प्रयोग तीन वेगळ्या दिवशी करावा, आणि दर वेळी भांड्यांची अदलाबदल करावी. नाहीतर फरक धुण्याचा आहे की भांड्याच्या चरांचा, हे कळणार नाही. दुपारीच दूध नासले, तर ते भांड्यात ठेवण्याचा वेळ कमी करावा. दोन्हीकडचे दूध दिवसभर निळे राहिले, तर तो दोन तासांनी वाढवावा.

या चाचणीलाही मर्यादा आहेत, आणि अहवालात त्या लिहिल्याच पाहिजेत. रंग जाण्याच्या वेळेवरून जंतूंची नेमकी संख्या मिळत नाही, कारण काही जीवाणू रंगाचे क्षपण फार हळू करतात. दुधात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे परिरक्षक मिसळले असेल, तर अस्वच्छ दूधही निळेच राहते. म्हणून निळे दूध म्हणजे पिण्यास सुरक्षित दूध, असे कोणी म्हणू नये.

प्रयोगातले उरलेले दूध, भांड्यांतले आणि नळ्यांतलेही, कोणी पिऊ नये किंवा जनावराला घालू नये. ते वीस मिनिटे उकळून मोरीत ओतावे आणि नळ्या, बुचे व भांडी उकळत्या पाण्यात धुवावीत. नासणारे दूध प्रत्येक घराला माहीत असते. येथे त्याहून अधिक काही वाढवलेले नाही, आणि प्रदर्शनाच्या टेबलावर उघडण्यासारखे झाकणही नाही. परीक्षकांनी सातवी नळी कोठे आहे, एवढे जरी विचारले, तरी विद्यार्थ्याला काय समजले ते कळून येईल.