दोन रकाने आणि एक खटला

पदवीच्या वर्गात फिरणाऱ्या राज्यशास्त्राच्या एका टिपणात दोन रकाने आहेत. डावीकडे दैवी अधिकार, उजवीकडे सामाजिक करार. पहिल्यात सत्ता ईश्वराकडून येते, म्हणून तो जुलमी. दुसऱ्यात लोकांकडून, म्हणून तो लोकशाहीवादी. परीक्षेपुरते हे ठीक. पण राजाला जाब कोण विचारणार, हा खरा प्रश्न टिपणात नाहीच.

तो प्रश्न १६४९ च्या जानेवारीत लंडनमध्ये उभा राहिला. आरोपी होता खुद्द राजा, पहिला चार्ल्स. मर्यादित सत्ता विश्वासाने सोपवली असता त्याने ती प्रजेविरुद्ध वापरली, हा आरोप. राजाचा न्याय करणारे न्यायासन पृथ्वीवर नाही, असे म्हणून चार्ल्सने आरोपाला उत्तरच दिले नाही. ३० जानेवारीला त्याचा शिरच्छेद झाला.

दोनच वर्षांनी हॉब्जने ‘लेव्हायथन’मध्ये करार मांडला. पण हा करार प्रजाजनांचा आपापसांतला. राजा त्यात पक्षकारच नाही. जो करारात नाही, तो करार मोडणार कसा? म्हणजे देवाचा आधार न घेताही चार्ल्सची सुटकाच! टिपणाने मात्र हॉब्जला खुशाल उजवीकडे बसवले आहे.

लॉकने १६८९ मध्ये सत्तेला लोकांची ठेव मानले. विश्वासघात झाला तर ती परत घेता येते, असे सांगितले. रकाने खरे वेगळे होतात ते इथे. पण ज्या मसुद्याच्या लेखनात लॉकचा हात होता, त्या कॅरोलायना वसाहतीच्या १६६९ च्या घटनेने प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या आफ्रिकी गुलामांवर निरंकुश सत्ता दिली होती. त्या गुलामांची संमती कोणी घेतली होती?