छायाचित्रित पडद्यावरील मजकुराचे भाषांतर : एका खेळाच्या निमित्ताने

भाषांतराची परीक्षा सामान्यतः वाचक करतो, आणि त्या परीक्षेत बहुधा सर्वच भाषांतरे उत्तीर्ण होतात. कारण मूळ कृती त्याच्यासमोर नसते. प्रस्तुत लेखात ज्या भाषांतराचा विचार करावयाचा आहे, त्याची परीक्षा मात्र कृतीने होते. भाषांतर चुकले तर वाचकाला इष्ट वस्तू सापडत नाही, आणि दोष कोणाचा हे लगेच उघड होते.

प्रस्तुत लेखकाची दहा वर्षांची भाची मराठी माध्यमाच्या शाळेत शिकते. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा एरिक बॅरोन यांनी एकट्याने रचलेला आणि 2016 साली प्रसिद्ध झालेला खेळ ती खेळते. आजोबांनी मागे ठेवलेल्या शेतावर येऊन राहणे, पिके काढणे आणि गावकऱ्यांची लहानमोठी कामे करणे असे त्याचे स्वरूप आहे. हा खेळ अनेक भाषांत उपलब्ध आहे; मराठीत नाही. म्हणून पडद्यावर मजकूर आला की त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावयाचे आणि घरातील मोठ्यांकडे पाठवावयाचे, असा तिचा क्रम आहे. आरंभीची भाषांतरे तिच्या मामेभावाने, म्हणजे लेखकाच्या महाविद्यालयीन चिरंजीवांनी, केली. ती वाचावयास सुबोध होती. तरीही भाची अडून बसली.

पहिल्या अडचणीचे कारण एक शब्द होता. खेळाच्या आरंभीच खेळाडूला `Parsnip` नावाचे कंदमूळ पेरून काढण्याचे काम मिळते. आपल्याकडे ते सहसा पिकत नाही. दिसावयास पांढऱ्या गाजरासारखे असते. चिरंजीवांनी ‘गाजर’ असे भाषांतर केले. स्वयंपाकघरातील वाचकाला हा प्रतिशब्द चालला असता. खेळातील वाचकाला तो चालत नाही. खेळात `Cave Carrot` नावाची एक निराळी वस्तू खाणीत सापडते, आणि 2024 सालच्या सुधारित आवृत्तीपासून `Carrot` हे स्वतंत्र पीकही आहे. त्याचे बी गावातील पिएरच्या दुकानात विकत मिळत नाही. मुलगी त्या दुकानात गाजराचे बी शोधत राहिली, आणि गावच्या प्रमुखाने भेट दिलेली `Parsnip`च्या बियांची पंधरा पाकिटे तिच्या थैलीत तशीच पडून राहिली. ‘मुळा’ हा पर्यायही असाच फसला असता. कारण `Radish` हे या खेळात उन्हाळी पीक आहे, आणि हे काम वसंतातले.

येथे प्रतिशब्दाची निवड कोशाच्या आधारे होऊ शकत नाही. पडद्यावरील नाम हे या वाचकाच्या दृष्टीने वस्तूवर लावलेली चिठ्ठी आहे. ती चिठ्ठी जशीच्या तशी ठेवावी आणि शेजारी ‘गाजरासारखे पांढरे कंद’ असे स्पष्टीकरण द्यावे, हेच योग्य. साहित्यकृतीच्या भाषांतरात ज्याला आपण आळस म्हणू, तीच येथे अचूकता ठरते. मात्र क्रियापदांना ही सवलत नाही. या कामात पेरणे आणि काढणे अशा दोन क्रिया सांगितल्या आहेत. चिरंजीवांनी ‘पीक घे’ या एकाच शब्दप्रयोगात दोन्ही बसविल्या. पेरून झाल्यावर काम पुरे झाले अशी मुलीची समजूत झाली, ती त्यामुळेच. हे पीक चार दिवसांनी तयार होते, आणि ते उपटल्यावाचून काम पुरे होत नाही.

दुसरे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. वसंताच्या अकराव्या दिवशी खेळाडूच्या टपालपेटीत रॉबिनचे पत्र येते. त्याचा आशय असा : आवडती कुऱ्हाड हरवली आहे, घरभर शोधून झाले, शेवटची आठवण आहे ती सिंडरसॅप जंगलाच्या दक्षिण टोकाला ओंडके तोडत असतानाची, कुठे दिसते का ते पाहावे. भाचीने पाठविलेल्या छायाचित्रात पत्र होते, सही होती. पण रॉबिन कोण हे नव्हते. संवादाच्या चौकटीत बोलणाऱ्याचे चित्र आणि नाव उजवीकडे दिसते. पत्रात चित्र नसते. इंग्रजीत रॉबिन हे नाव स्त्रीचेही असते आणि पुरुषाचेही. सुतारकाम करणारी आणि ओंडके तोडणारी व्यक्ती म्हणून चिरंजीवांनी ‘मी ओंडके तोडत होतो’ असे लिहिले. वस्तुतः रॉबिन ही गावातील सुतारीण आहे. मुलगी दोन दिवस त्या नावाचा पुरुष शोधत होती.

या प्रमादात केवळ निष्काळजीपणा पाहणे अन्यायाचे होईल. इंग्रजी वाक्य बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही. ‘तोडत होतो’ किंवा ‘तोडत होते’ म्हणताना मराठीला ते सांगावेच लागते. छायाचित्रात जी माहिती नाही, तीच व्याकरण मागते. परंतु मराठीत यातून एक वाटही आहे, आणि ती आपल्या व्याकरणाच्या तासाला आपण नेहमीच शिकवितो. भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘तिथेच मी शेवटचे ओंडके तोडले’ असे म्हटले की बोलणारा पुरुष की स्त्री हा प्रश्नच उरत नाही. शंका असेल तेथे भाषांतरकाराने कर्तरी प्रयोगातून कर्मणीत यावे. त्याने वाक्य किंचित आखडते, पण खोटे बोलत नाही.

त्याच पत्रातील अखेरच्या विनंतीत डोळ्याचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्याचे ‘कुऱ्हाडीवर नजर ठेव’ असे भाषांतर झाले होते. मराठीत नजर ठेवावयाची ती समोर असलेल्या वस्तूवर. मुलीने स्वतःच्या कुऱ्हाडीची राखण आरंभिली, यात तिचे काय चुकले? ‘कुठे दिसते का बघशील?’ एवढे पुरेसे होते. सापडल्यावर ती वस्तू थैलीत `Lost Axe` या नावाने येते. खेळाडूची स्वतःची कुऱ्हाड `Axe` म्हणून वेगळी असते. ही दोन नावे मुळाप्रमाणे लिहिली असती, तर घोटाळाच झाला नसता. घरभर शोधल्याचे वाक्य चिरंजीवांनी पाल्हाळ म्हणून गाळले होते. तोही एक सुगावा होता, हे मुलीने रॉबिनच्या घराचे कोपरे धुंडाळल्यावर कळले.

आता संबोधनाचा प्रश्न. भाची स्वतः मुलगी असली तरी खेळात तिने पुरुष शेतकरी निवडला आहे. गावकरी तिला ‘आलास’ म्हणणार की ‘आलीस’? खेळाच्या मूळ लेखात अशा ठिकाणी दोन्ही रूपे एका चिन्हाने विभागून ठेवण्याची सोय आहे. चिन्हाआधीचे रूप पुरुष पात्रासाठी, नंतरचे स्त्री पात्रासाठी. मराठीत ते असे लिहिता येईल :

```
तू आलास, बरं झालं.^तू आलीस, बरं झालं.
```

पडद्यावर यातील एकच बाजू उमटते, आणि छायाचित्रात तीच येते. म्हणजे भाषांतरकारासमोर असते ते वाक्य नव्हे. वाक्याच्या साच्यातून पडलेली एक प्रत असते. ‘तुम्ही आलात’ असे आदरार्थी रूप योजून लिंग टाळता येते, आणि अनोळखी प्रौढ शेतकऱ्याला गावकरी तसेच म्हणतील हेही खरे. लेखकाने तसे करून पाहिले. भाचीने ते नाकारले. “मामा, ती सगळी माझ्याशी परक्यासारखं का बोलतात?” असा तिचा आक्षेप होता. ओळख वाढत जाते तसे गावकऱ्यांचे बोलणे जवळिकीचे होत जावे, हा या खेळाच्या रचनेचाच भाग असल्याने तिचा आक्षेप मान्य करणे भाग पडले. आता पहिल्या भेटीत ‘तुम्ही’ आणि मैत्री झाल्यावर ‘तू आलास’ असा क्रम ठरला आहे. कोणाशी किती मैत्री झाली, हे दाखविणाऱ्या पानाचे छायाचित्र ती आता पत्राबरोबरच पाठविते.