निकाल जिंकला, पक्षकार हरले

ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल कायद्याच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. मुळातून वाचला तर आधी भेटतो तो एक हिशेब. संगमनेरचा एक चपला शिवणारा, दिवसाला सात-आठ रुपये कमावणारा. गावातलं घर पडलं, म्हणून १९६९ साली तो मुंबईला आला आणि महिना साडेतीनशेवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागेसाठी त्याने तिथल्या गुंडाला तीनशे रुपये मोजले, बांबू-प्लास्टिकला सातशे. फुकटात राहणारे म्हणून ज्यांना हिणवलं जातं, त्यांनी फुटपाथसाठीही पागडी भरली होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हा तपशील नोंदवतात, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्यावरच उभा राहतो.

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली होती. तिच्याविरुद्धच्या याचिकांवर घटनापीठाचा निकाल आला १० जुलै १९८५ला. त्यातली मांडणी साधी आहे. जगण्याचं साधन काढून घेतलं की जगणंच काढून घेतलं जातं. ही माणसं कामाच्या जवळ राहतात, कारण लांबून रोज येणं त्यांना परवडत नाही. झोपडी गेली की काम जातं, काम गेलं की एकविसाव्या कलमातला जीविताचा हक्क पोकळ होतो. याच चंद्रचूडांनी आणीबाणीत, १९७६ साली, त्या हक्कासाठी कोर्टाचं दार बंद ठेवणाऱ्या बहुमताला साथ दिली होती, हे वाचताना विसरता येत नाही.

पण एकविसावं कलम हक्क हिरावायला पूर्ण बंदी करत नाही. कायद्याने ठरलेली, न्याय्य पद्धत मागतं. महापालिका कायद्याचं ३१४ वं कलम नोटीस न देता अतिक्रमण काढू देतं. कोर्टाने ते रद्द केलं नाही. नोटीस टाळण्याची मुभा आहे, सक्ती नाही. एरवी ऐकून घ्यायलाच हवं, असा अर्थ लावला. इथवर वाचताना दाद द्यावीशी वाटते. मग निकाल वळतो: याचिकाकर्त्यांचं म्हणणं आम्हीच ऐकलं, आता आयुक्तांनी पुन्हा ऐकायची गरज नाही. पावसाळा संपून महिना जाईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, मग झोपड्या हटवा. १९७६च्या गणनेचं ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा द्या, पण ती मिळेपर्यंत हटवणं अडणार नाही. माझ्या मते निकालाचा हाच कच्चा दुवा आहे. उपजीविका गेली की जीवन जातं हे मान्य केल्यावर जागा आधी, हातोडा नंतर, हा क्रम यायलाच हवा होता.

याच कलमातून निघालेला प्रतिष्ठेचा हक्क १९८१च्या फ्रान्सिस कोरॅली खटल्यात, स्थानबद्ध स्त्रीला मुलीला आणि वकिलाला भेटू देताना, जरा सुखाने आला. स्वच्छ हवा-पाण्याचा मात्र पुन्हा तोच प्रकार: १९९१च्या सुभाष कुमार खटल्यात बोकारो नदीच्या प्रदूषणाची तक्रार होती. प्रदूषणमुक्त हवा-पाणी हा जीविताचाच भाग, असं कोर्टाने म्हटलं आणि याचिका वैयक्तिक स्वार्थापोटी केलेली ठरवून खर्चासह फेटाळली.