शिरूरकर म्हणजे कोण?

आमच्या कट्ट्यात नाव न घेता कुणाची गोष्ट सांगून बघा. दोन तपशील कानावर पडले की ऐकणारा घर ओळखतो. म्हणून ‘कळ्यांचे निःश्वास’ वाचताना मला लेखिकेचीच धास्ती वाटत राहिली.

१९३३ साली हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला आणि गदारोळ झाला. लिहिणाऱ्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालती बेडेकर. त्या शिक्षिका होत्या. खरं नाव छापलं असतं तर लोकांनी कथेतल्या अविवाहित, कमावत्या मुली त्यांच्या ओळखीच्या बायकांमध्ये शोधल्या असत्या. म्हणजे टोपणनावाची ढाल एकटीसाठी नव्हती.

पण वाचकाने या अनोळखी बाईवर विश्वास का ठेवावा? मला वाटतं, बारकाव्यांमुळे. मुलीच्या पगाराची घराला सवय लागते आणि तिचं लग्न मागे पडतं, हे बाहेरून बघणाऱ्याला सुचत नाही. गोची अशी, की हेच बारकावे लेखिकेचा मागही दाखवतात. त्यात आडनाव शिरूरकर, आणि बाळूताईंचं बालपण शिरूर-घोडनदीचं! इथे मला त्या जरा बेफिकीर वाटतात.

नाव मात्र त्यांनी बदललं नाही. १९३४ च्या ‘हिंदोळ्यावर’वर तेच होतं. १९५० ला ‘बळी’ आली, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मुखपृष्ठावर विभावरी शिरूरकरच. वाचक त्याच बाईला ओळखत होते.