‘भोगवटादार’ : दुभाष्याच्या एका कथेतील शब्दविचार

भाषांतरातील चूक हा कथेचा विषय झाला की लेखकापुढे एक सोपा मार्ग असतो. मूळ शब्दाचा अर्थ एक, दुभाष्याने सांगितलेला अर्थ निराळाच, आणि त्या तफावतीवर सारा अनर्थ उभारावयाचा. अशा कथेतील चूक कोशात पाहून सिद्ध करता येते. म्हणूनच तीत वाङ्मयदृष्ट्या फारसे स्वारस्य उरत नाही. प्रस्तुत कथेने हा मार्ग स्वीकारलेला नाही. हिच्यातील दुभाष्याने योजलेला शब्द कोणत्याही मराठी कोशात शोधला तरी चूक ठरत नाही. तो ठरतो तो एका सरकारी नमुन्याच्या रकान्यात. कथेचे मर्म या ठिकाणी आहे आणि तिचा दुबळेपणाही याच ठिकाणी आहे. कारण आपण केवढी अचूक गोष्ट पकडली आहे याची जाणीव कथालेखकाला शेवटपर्यंत राहिलेली दिसत नाही.

कथानक थोडक्यात असे. गोव्यातील एका हिंदू कुटुंबातील अविवाहित काका 1957 साली नोटरीपुढे मृत्युपत्र करतात. घर आणि त्यामागचे कुळागर ही त्यांची मिळकत. मुलेबाळे नाहीत, आईवडील हयात नाहीत. तेव्हा 1870 पासून गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे त्यांना सक्तीचा वारस कोणी नाही आणि सर्व मिळकतीची व्यवस्था ते स्वेच्छेने लावू शकतात. घरात विधवा बहीण राहते, ती आते. मिळकतीचा तहहयात उपभोग तिला आणि उरलेली मालकी मुंबईस असलेल्या पुतण्याला, अशी त्यांची व्यवस्था आहे. मृत्युपत्र अर्थातच पोर्तुगीजमध्ये आहे. 1964 साली काका वारतात. घरात पोर्तुगीज जाणणारा एकच माणूस असतो. तो म्हणजे लिसेवात पाच वर्षे काढलेला चुलतभाऊ. कथेत त्याला सर्वजण ‘भाई’ म्हणतात. तो ओसरीवर बसून मृत्युपत्र वाचून दाखवतो आणि सर्वांच्या सोयीसाठी त्याचा मराठी तर्जुमा एका कागदावर उतरवून देतो. हा कागद पेटीत जातो. 1972 साली जमीनमोजणी येते तेव्हा तो बाहेर निघतो. 1981 साली आते वारते, आणि तिच्या मुलीच्या नावे फेरफार होतो. पुतण्या मुंबईहून येतो तो या फेरफाराची नोटीस हातात घेऊनच.

मूळ मृत्युपत्रात शब्द आहेत ‘उझुफ्रुतु व्हितालिसियु’ आणि ‘नुआ प्रोप्रिएदाद’. पहिल्याचा अर्थ जन्मभराचा फलोपभोग. घरात राहावे, सुपारी-नारळाचे उत्पन्न घ्यावे. मात्र वस्तू विकू नये, तिचा मूळ गाभा बिघडवू नये, आणि उपभोगी व्यक्तीच्या मृत्यूबरोबर हा हक्क संपावा. दुसऱ्याचा शब्दशः अर्थ ‘नग्न मालकी’. उपभोग काढून घेतल्यावर मालकीचे जे उघडे खोड उरते ते. ही दोन पदे जोडीनेच येतात. एकाच मिळकतीचे ते दोन तुकडे आहेत आणि उपभोग संपला की ते आपोआप पुन्हा एक होतात.

भाई काय करतो? ‘उझुफ्रुतुआरिया’ या स्त्रीलिंगी शब्दासाठी तो ‘भोगवटादार’ लिहितो, आणि ‘नुआ प्रोप्रिएदाद’साठी नुसते ‘मालकी’. वडीलधाऱ्यांसमोर ‘नग्न’ हा शब्द उच्चारणे त्याला अवघड वाटले, अशी मार्मिक नोंद कथाकाराने केली आहे. तथापि घात ‘मालकी’ने होत नाही, तो ‘भोगवटादार’ने होतो. आणि तरीही हा शब्द निवडण्यात भाईचे काय चुकले, हे सांगणे सोपे नाही. लॅटिनमधील उपयोग आणि फळ या दोन कल्पनांच्या जोडणीतून पोर्तुगीज शब्द आला. मराठीत ‘भुज्’ धातूवरून भोग, भोगवटा. दोन्हींच्या मुळाशी वस्तूचा लाभ घेणे हीच कल्पना आहे. समानार्थी शब्द म्हणून कोणाही सुशिक्षित मराठी माणसाने हाच निवडला असता.

परंतु शब्दाला व्युत्पत्तीबरोबरच नोकरीही असते. ‘भोगवटा’ या शब्दाची नोकरी फार जुनी आहे. वतनांच्या तंट्यांत दीर्घकालीन भोगवटा हा हक्काचा पुरावा म्हणून मांडला जाई. म्हणजे उपभोगाकडून हक्काकडे चढत जाण्याची प्रवृत्ती या शब्दात पूर्वापार आहे. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (1966) ‘भोगवटादार’ हे इंग्रजी ‘ऑक्युपंट’चे प्रतिपद म्हणून रूढ झाले, आणि भोगवटादार वर्ग 1 म्हणजे जमीन कायमची, हस्तांतरणाच्या निर्बंधाविना धारण करणारा, असा त्याचा अर्थ ठरला. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो मालकच. म्हणजे फलोपभोगाच्या अगदी विरुद्ध टोकाला हा शब्द जाऊन बसला. 1968 साली गोव्याची जमीन महसूल संहिता झाली. तिच्यातही ‘ऑक्युपंट’ हाच धारकाचा मुख्य प्रकार आहे, आणि हक्कनोंदीच्या एक-चौदा नमुन्यात त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे.

कथेतील मोजणीचा कारकून रत्नागिरीकडून बदलीवर आलेला आहे. मुक्तीनंतरच्या काळातील गोव्याच्या कचेऱ्या पाहता हे स्वाभाविकच होय. त्याला पोर्तुगीज येत नाही. पेटीतला मराठी कागद तो वाचतो, ‘भोगवटादार’ हा शब्द त्याला ओळखीचा वाटतो, आणि आतेचे नाव तो ‘ऑक्युपंट’च्या रकान्यात घालतो. ‘मालकी पुतण्याची’ हे वाक्य त्याने वाचलेले असते. पण त्यासाठी नमुन्यात जागा नसते, म्हणून तो ते सोडून देतो. कथेतील हे अर्धे पान सर्वांत सरस आहे. कारकुनाने लबाडी केलेली नाही, भाईने निष्काळजीपणा केलेला नाही. एक शब्द एका कायद्यातून निघून दुसऱ्या कायद्यात उतरला, एवढेच घडले.

या पानाच्या आधी आलेला ओसरीवरील प्रसंग मात्र समीक्षकांच्या नजरेतून निसटण्याजोगा आहे. आते विचारते, “भाई, म्हणजे घर कोणाचे?” कथेत हा संवाद मराठीत छापला असला तरी तो घडतो कोंकणीत, आणि एका ठिकाणी लेखकाने भाईचे मूळ शब्दही ठेवले आहेत : “तूं जिती आसासर.” म्हणजे, तू जिवंत आहेस तोवर. हे भाषांतर निर्दोष आहे. ‘व्हितालिसियु’ या विशेषणाचा संपूर्ण अर्थ त्यात आला. आतेला तो समजला आणि पुढील सतरा वर्षे ती त्याप्रमाणेच वागते : घर विकावयास कोणी सुचवले तेव्हा ती “मला अधिकार नाही” म्हणते. पण भाई कागदावर लिहावयास बसतो तेव्हा कोंकणी सोडून मराठीकडे वळतो. कारण त्या घरात बोलण्याची भाषा कोंकणी आणि लिहिण्याची भाषा मराठी. लिहिण्याच्या मराठीत त्याला भारदस्त शब्द हवा असतो. ‘भोगवटादार’ मिळतो, आणि हयातीची मर्यादा त्या भारदस्त शब्दात सामावली आहे असे समजून तो विशेषण गाळतो. दस्तऐवजी मराठीत ‘तहहयात’ हा त्यासाठीचा साधा, रुळलेला शब्द होता. ‘तहहयात’ असते तर रत्नागिरीच्या कारकुनाचीही लेखणी थबकली असती. तेव्हा कथेने मिरवलेला ‘एक चुकीचा शब्द’ वस्तुतः एक चढा शब्द आणि एक गळालेला शब्द असा दुहेरी आहे.

अशी चूक ओळखता येते का? येते, आणि त्यासाठी पोर्तुगीज येण्याचीही गरज नाही. एकाच वस्तूवर दोन व्यक्तींचे पूर्ण हक्क सांगणारा तर्जुमा समोर आला, की त्यातील एका शब्दात तरी काही कमी-अधिक झाले आहे, असे समजावे. भाईच्या कागदावर भोगवटादार एक आणि मालक दुसरा आहे, आणि दुसऱ्याला वस्तू केव्हा मिळणार याचा उल्लेख नाही. हे ‘केव्हा’ गहाळ झालेले कुणाच्याही लक्षात यावयास हवे होते. पुतण्याच्या वकिलाच्या तोंडी हा मुद्दा घालण्याची उत्तम संधी लेखकाने दवडली आहे.

कथेचा उत्तरार्ध येथूनच घसरू लागतो. “एका शब्दाने सारे पालटले” असे निवेदक तीनदा म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने पालटले काहीच नाही. आतेच्या मृत्यूबरोबर उपभोग संपला आणि पूर्ण मालकी पुतण्याकडे आली. मुलीला आईकडून जे मिळाले ते शून्यच. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, ही न्यायालयांची स्थिर भूमिका आहे. मात्र ती नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे पालटले ते एवढेच, की जिला सिद्ध करावे लागले असते ती घरात स्वस्थ बसली आणि ज्याला काही सिद्ध करावयाचे नव्हते त्याला मुंबई सोडून डिचोलीच्या कोर्टात फेऱ्या घालाव्या लागल्या. हा पालट लहान नव्हे. दरम्यान मुलीने कुळागरात नवी लावणी केली, छप्पर शाकारले, आणि तेही प्रामाणिक समजुतीने. लेखकाने या दोघांचे हे ओझे तोलले असते तर कथा फार वर गेली असती. त्याऐवजी तो नियतीचा धावा करतो.

शेवटी म्हातारा भाई तो मराठी कागद चुलीत टाकतो. हा प्रसंग भावनेला हात घालणारा खरा, पण तो कथेच्याच तर्काला धरून नाही. मृत्युपत्र नोटरीच्या बुकात आहे. त्याचा दाखला कोणत्याही दिवशी काढता येतो, आणि मिळकतीची नोंद कोंसेर्वातोरियात असेल तर तिथेही उपभोग आणि मालकी यांच्या निराळ्या नोंदी सापडतील. भाईने जाळला तो एकच असा कागद होता, ज्यावरून नोंद कशी चुकली हे न्यायालयाला दाखवता आले असते. पश्चात्तापाच्या भरात त्याने पुतण्याचा उत्तम पुरावा आणि मुलीच्या प्रामाणिकपणाची एकमेव साक्ष अशा दोन्ही गोष्टी नष्ट केल्या. लेखकाला हे दिसले असते तर हाच शेवट भयंकर ठरला असता. त्याला यात केवळ मनःशांती दिसते.

आतेच्या मुलीला कथेत जेमतेम दोन वाक्ये आहेत. तिचे शिक्षण 1961 नंतर मराठी शाळेत झाले. घरातील सर्व कागदांपैकी तिला वाचता येण्याजोगा तो एकच होता. आईने ओसरीवर ऐकलेले “जिती आसासर” तिच्या कानावर कधी आले होते की नाही, हे कथेने सांगितलेले नाही.