विमा पॉलिसींचे सातत्य-कोष्टक आणि ग्राहकनिष्ठा : एक चिकित्सा

आयुर्विमा व्यवसायात पॉलिसी टिकण्याचे प्रमाण 13, 25, 37, 49 आणि 61 व्या महिन्यांच्या टप्प्यांवर मोजले जाते. एकाच काळात विकलेल्या पॉलिसींचा समूह, म्हणजे कोहॉर्ट, आडव्या ओळीत आणि त्याचे वय उभ्या स्तंभात मांडले की कोष्टक तयार होते. 13 व्या महिन्याचा आकडा वाढला म्हणजे उत्पादन सुधारले, हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

1 ऑक्टोबर 2024 पासून विकल्या जाणाऱ्या पारंपरिक पॉलिसींना सरेंडर मूल्याचे नवे नियम लागू झाले. पूर्वी एकच वार्षिक हप्ता भरून थांबणाऱ्याला काहीच परत मिळत नसे. आता पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर काही रक्कम मिळते. अनेकांनी पूर्वी दुसरा हप्ता भरला तो पहिला बुडू नये म्हणून. त्यामुळे जुन्या ओळींतील 13 व्या महिन्याच्या आकड्यात निष्ठेइतकीच सक्तीही मिसळलेली आहे. नव्या ओळीत तो आकडा घसरला, तरी उत्पादन बिघडले असे ठरत नाही.

दुसरी गफलत समूहाच्या घडणीची. याच सुमारास आयुर्विमा महामंडळाने न्यू एन्डोमेंट योजनेतील किमान विमा रक्कम 1 लाखावरून 2 लाख केली. याचा परिणाम आटपाडीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात काय होईल, हे कल्पित आकड्यांनी पाहता येते. समजा, पूर्वीच्या समूहात 100 छोट्या पॉलिसी होत्या, त्यांतील 60 टिकल्या. 100 मोठ्या होत्या, त्यांतील 80 टिकल्या. एकूण प्रमाण 70 टक्के. नव्या समूहात छोट्या पॉलिसी नाहीतच. मोठ्या 100 पैकी पूर्वीसारख्याच 80 टिकल्या. प्रमाण 80 टक्के झाले, पण अधिक निष्ठावान एकही ग्राहक झाला नाही. डाळिंबाच्या हंगामावर हप्ता भरणारा छोटा शेतकरी कोष्टकातून नाहीसा झाला, एवढेच. (शाखेच्या अहवालात हीच वाढ अभिमानाने मिरवली जाईल!) म्हणून तुलना विमा रकमेच्या एकाच गटात व्हावयास हवी.

तिसरा घटक कर्णरेषेवर दिसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. ऑक्टोबर 2024 च्या समूहाचा दुसरा हप्ता नेमका त्यानंतर देय झाला. मात्र त्याच महिन्यात 2022 च्या समूहाचा 37 व्या महिन्याचा हप्ताही देय होता, आणि त्या समूहाला सरेंडरचा नवा नियम लागू नव्हता. अशा जुन्या ओळींतही त्याच महिन्यांत तितकीच वाढ आढळली, तर तिचे श्रेय नव्या रचनेकडे जात नाही. जुन्या ओळी स्थिर राहून केवळ नव्या ओळी वर गेल्या, तरच उत्पादनबदलाचा दावा विचारात घेता येईल. आणि त्याची 61 व्या महिन्याची कसोटी ऑक्टोबर 2024 च्या समूहासाठी 2029 च्या अखेरीसच लागेल.